कर्ज जमेत धरलं की तूट शून्य

"सर, उत्तर शून्य यायलंय."

सोलापुरात गड्डा यात्रेचे पाळणे उभे राहायला लागतात, त्याच सुमारास आमच्या बारावी कॉमर्सच्या बॅचमध्ये अर्थसंकल्पाची गणितं सुरू होतात. आणि हे वाक्य दर वर्षी एकदा तरी कानावर पडतंच. यंदा ते पहिल्या बाकावरच्या मुलीकडून आलं. घरी टॉवेलचा कारखाना, हिशेबाला पक्की, बेरजेत सहसा चुकत नाही. म्हणून मी तिची वही मागून घेतली.

गणित असं होतं. सगळे आकडे कोटी रुपयांत आणि सरकार काल्पनिक:

कर महसूल २,४००
करेतर महसूल ६००
कर्जवसुली ८०
निर्गुंतवणूक १२०
कर्ज आणि इतर दायित्वे १,८००
महसुली खर्च ३,९०० (यापैकी व्याज १,१००)
भांडवली खर्च १,१००

विचारलं होतं महसुली, राजकोषीय आणि प्राथमिक तूट काढायला. तिने जमेच्या पाचही रकमा मिळवल्या, ५,००० आले. खर्चाच्या दोन्ही मिळवल्या, तेही ५,०००. वजाबाकी केली आणि राजकोषीय तूट शून्य लिहिली.

यात बेरीज चुकलेली नाही, हीच गंमत. या पद्धतीने कुठल्याही सरकारच्या, कुठल्याही वर्षाच्या अर्थसंकल्पाची वजाबाकी केली तरी शून्यच येईल. खर्च झालाय म्हणजे पैसा कुठून तरी आलाच असणार. जितका कमी पडला तितका कर्जाने आला आणि ते कर्जही जमेच्याच बाजूला लिहिलं गेलं. म्हणजे जी तूट शोधायची, तीच तिने जमेत धरून खर्चातून वजा केली होती.

तिला मी लगेच सूत्र सांगितलं नाही. म्हटलं, घरी जा, बाबांकडून गेल्या वर्षाचा कारखान्याचा हिशेब एका पानावर उतरवून आण. दुसऱ्या दिवशी ती पान घेऊन आली आणि सोबत बाबांचं एक वाक्यही. तिची वही बघून ते म्हणाले होते, "अगं, उसनवारीचे पैसे कमाईत कुणी धरतं का?"

राजकोषीय तुटीची निम्मी व्याख्या या वाक्यात आहे. उरलेली निम्मी त्या पानावर होती. इथे आकडे मी गोल केलेत.

वर्षभरात टॉवेल विकून ३० लाख आले. सूत, रंगाई, कामगारांची मजुरी, वीज आणि बँकेचं व्याज मिळून ३३ लाख गेले. त्यातलं व्याज ४ लाख. म्हणजे रोजचा धंदा चालवतानाच ३ लाख कमी पडले. त्याच वर्षी त्यांनी ६ लाखांचं एक जुनं रॅपिअर मशीन घेतलं. त्यासाठी जागा करायला जुने चार माग भंगारात काढले, त्याचे १ लाख आले. मेव्हण्याला कधीतरी दिलेले ५० हजारही त्या वर्षी परत मिळाले. एकूण खर्च ३९ लाख. विक्री, भंगार आणि मेव्हण्याचे पैसे मिळून साडेएकतीस लाख. उरलेले साडेसात लाख बँकेतून उचलले.

या पानावर तिन्ही तुटी आहेत. धंद्याची रोजची जमा आणि रोजचा खर्च यातला ३ लाखांचा फरक ही महसुली तूट. वर्षभरात जे साडेसात लाख उचलावे लागले, ती राजकोषीय तूट. आणि त्या साडेसात लाखांतून जुन्या कर्जाचं ४ लाख व्याज बाजूला काढलं की उरलेले साडेतीन लाख ही प्राथमिक तूट.

पण या पानातली लक्षात ठेवायची जागा वेगळी आहे. भंगाराचा १ लाख, मेव्हण्याचे ५० हजार आणि बँकेचे साडेसात लाख या तिन्ही रकमा विक्रीतून आलेल्या नाहीत. सरकारी भाषेत तिन्ही भांडवली जमा. तरी पहिल्या दोन एकीकडे आणि तिसरी दुसरीकडे. माग विकले तेव्हा मालमत्ता कमी झाली, पण ते पैसे भंगारवाल्याला परत द्यायचे नाहीत. मेव्हण्याने दिले ते तर आपलेच होते. बँकेचे मात्र फेडायचे आहेत. तेव्हा प्रत्येक भांडवली जमेला एकच प्रश्न विचारायचा: हे पैसे परत द्यायचे आहेत का? उत्तर "नाही" असेल तर ती राजकोषीय तूट काढताना वजा करायची. "हो" असेल तर तिला हात लावायचा नाही, कारण तीच तूट आहे.

सरकारच्या बाबतीत मेव्हण्याच्या जागी असतात राज्य सरकारं किंवा सार्वजनिक कंपन्या, ज्यांना केंद्राने पूर्वी कर्ज दिलेलं असतं. ती परत आली की कर्जवसुली. जुने माग विकण्याच्या जागी सरकारी कंपन्यांचे शेअर विकणं, म्हणजे निर्गुंतवणूक. या दोन्हींना मिळून "कर्जेतर भांडवली जमा" म्हणतात. आणि "कर्ज आणि इतर दायित्वे" या ओळीत बँका, विमा कंपन्या यांनी घेतलेले सरकारी रोखे येतात, तशीच अल्पबचतही येते. आजीने पोस्टात ठेवलेले पैसे आपल्याला ठेव वाटतात. सरकारच्या वहीत ते कर्ज असतं, कारण मुदतीनंतर व्याजासकट परत द्यायचं असतं.

आता तिच्या गणिताकडे परत येऊ.

महसुली तूट सगळ्यात सरळ. महसुली जमा म्हणजे कर महसूल अधिक करेतर महसूल, २,४०० + ६०० = ३,०००. महसुली खर्च ३,९००. फरक ९०० कोटी. इथे भांडवली बाजूच्या एकाही आकड्याला स्पर्श करायचा नाही.

राजकोषीय तुटीसाठी एकूण खर्च घ्यायचा: ३,९०० + १,१०० = ५,०००. त्यातून परत न करायची सगळी जमा काढायची: महसुली ३,०००, वसुलीचे ८०, निर्गुंतवणुकीचे १२०, एकूण ३,२००. उरतात १,८०० कोटी. आता गणितातली कर्जाची ओळ बघा. तिथेही १,८०० च आहेत. हा योगायोग नव्हे. राजकोषीय तूट म्हणजेच त्या वर्षीची कर्जाची गरज. गणितात कर्जाचा आकडा दिला असेल तर उत्तर पडताळायला याहून सोपी सोय नाही. एका बाजूने वजाबाकी करायची, दुसऱ्या बाजूने ती ओळ बघायची. जुळलं नाही तर कुठली तरी जमा चुकीच्या खिशात गेली आहे असं समजायचं.

प्राथमिक तूट १,८०० वजा १,१००, म्हणजे ७०० कोटी.

"राजकोषीय तूट"ला बऱ्याच वर्तमानपत्रांत "वित्तीय तूट" म्हणतात. मुलं दोन वेगळ्या तुटी समजून गोंधळतात, म्हणून सांगून ठेवतो.

उत्तरं आली. पण ९००, १,८०० आणि ७०० या तीन आकड्यांतून काय कळलं, हे विचारलं की वर्ग गप्प. तेव्हा त्यांना मी १,८०० कोटींचं काय झालं ते शोधायला लावतो. भांडवली खर्च १,१०० होता. त्याला वसुली आणि निर्गुंतवणुकीचे २०० मिळाले असं धरू, म्हणजे उरलेल्या ९०० ला कर्ज लागलं. दुसरे ९०० महसुली तूट भरायला गेले. याचा अर्थ, काढलेल्या कर्जापैकी निम्म्यातून रस्ता, धरण, इमारत असं काही उभं राहिलं आणि निम्मं पगार, पेन्शन, अनुदान, व्याज यांत गेलं. कारखान्याच्या पानावरही हेच बघायचं. साडेसात लाखांपैकी ३ लाख रोजच्या खर्चात गेले, फक्त साडेचार लाख मशीनमध्ये. मशीन उद्या चार पैसे मिळवून देईल, व्याज भरेल. मजुरीसाठी काढलेलं कर्ज उद्या काही मिळवून देत नाही. दोन सरकारांची राजकोषीय तूट सारखी असली तरी महसुली तूट वेगळी असेल तर त्यांची प्रकृती वेगळी असते.

यातूनच एक उपयोगी सूत्र निघतं: राजकोषीय तूट = महसुली तूट + भांडवली खर्च − कर्जेतर भांडवली जमा. आपल्या गणितात ९०० + १,१०० − २०० = १,८००. पेपरात एखादा आकडा लपवून उलटं गणित विचारतात तेव्हा हेच सूत्र कामाला येतं. त्याचं एक उदाहरण पुढे करू.

प्राथमिक तूट आणखी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. व्याज हे या वर्षीच्या सरकारच्या हातात नसतं. मागच्या पंधरा-वीस वर्षांत ज्यांनी कर्ज काढलं, त्यांचं ते बिल असतं. ते बाजूला ठेवलं तर या वर्षीचा कारभार स्वतःच्या जमेत किती बसला? आपल्या सरकारचा ७०० कोटींनी बसला नाही. आणि १,८०० कोटींच्या नव्या कर्जापैकी १,१०० कोटींइतकी रक्कम फक्त जुन्याचं व्याज आहे. प्राथमिक तूट शून्य असती तर सरकारने केवळ व्याज भरण्याइतकंच कर्ज काढलं असतं. ते वाईटच, पण निदान आजचा खर्च आजच्या जमेत बसला असता.

आता चुका कुठे होतात ते. वहीत मला सगळ्यात जास्त लाल शाई व्याजावर सांडावी लागते.

व्याज हा महसुली खर्चाचाच भाग असतो. गणितात "महसुली खर्च ३,९००, व्याज १,१००" असं दोन ओळींत लिहिलं की काही मुलं दोन्ही मिळवून एकूण खर्च ६,१०० करतात. मग राजकोषीय तूट २,९०० येते आणि कर्जाच्या ओळीशी जुळत नाही. जुळत नाही म्हणजे चूक पकडली गेली, पण बघायची सवय हवी. अर्थात क्वचित पेपर काढणारा "व्याज वगळून महसुली खर्च २,८००" असंही देतो. तिथे मात्र १,१०० मिळवायलाच हवेत. "पैकी" आणि "वगळून" या दोन शब्दांवर बोट ठेवून गणित वाचा, असं मी वर्गात अगदी कंटाळा येईपर्यंत सांगतो.

व्याजाची दुसरी फसगत दिशेची आहे. सरकार व्याज देतं तसं घेतंही. राज्यांना दिलेल्या कर्जावर केंद्राला व्याज मिळतं आणि ते करेतर महसुलात जमा होतं. गणितात "व्याजप्राप्ती १५०" आणि "व्याज देणी १,१००" अशा दोन्ही ओळी असतील तर प्राथमिक तुटीसाठी आपण दिलेलं व्याज घेतो. व्याजप्राप्ती आधीच महसुली जमेत मोजली गेलेली असते, तिला पुन्हा हात लावायचा नाही.

तिसरी जागा थोडी अवघड आहे आणि तिथे मीही सुरुवातीच्या वर्षांत अडखळलो होतो: जुन्या कर्जाच्या मुदलाची परतफेड. कारखान्याच्या पानावर समजा बँकेला २ लाख मुद्दल फेडलं आणि त्यासाठी साडेसातऐवजी साडेनऊ लाख उचलले. तर तूट वाढली का? नाही. एका हाताने २ लाख जास्त घेतले, दुसऱ्या हाताने २ लाख दिले, डोक्यावरचं कर्ज साडेसातनेच वाढलं. म्हणून केंद्राच्या अर्थसंकल्पात तुटीसाठी निव्वळ कर्ज मोजतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बाजारातून एकूण सुमारे १४.८२ लाख कोटी रुपये उचलायचे ठरवले होते, पण निव्वळ उचल होती सुमारे ११.५४ लाख कोटी. मधला फरक जुने रोखे फेडण्याचा. बातमीत पहिला आकडा छापून आला आणि आपण तो तुटीशी ताडून पाहायला गेलो तर घोळ होणारच. राज्यांच्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चाच्या बाजूला कर्जाची परतफेडही दाखवलेली असते. तिथून आकडे उचलून तूट काढायची तर आधी ती परतफेड खर्चातून बाजूला करावी लागते.

आता दिल्लीचं खरं गणित करून बघू. आकडे २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचे, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या अंदाजाचे आहेत. नंतर सुधारित अंदाज येतो आणि शेवटी प्रत्यक्ष आकडे, ते थोडे वेगळे असतात. मी लाख कोटींत गोल करून घेतो.

महसुली जमा ३४.२०. महसुली खर्च ३९.४४. त्यात व्याज १२.७६. भांडवली खर्च ११.२१. कर्जवसुली ०.२९. निर्गुंतवणूक वगैरेची इतर भांडवली जमा ०.४७.

महसुली तूट: ३९.४४ − ३४.२० = ५.२४. एकूण खर्च ३९.४४ + ११.२१ = ५०.६५. त्यातून ३४.२०, ०.२९ आणि ०.४७ वजा केले की राजकोषीय तूट १५.६९. त्यातून व्याज १२.७६ वजा केलं की प्राथमिक तूट २.९३.

बारावीचं गणित आणि देशाचं गणित यात फरक फक्त शून्यांचा आहे, हे मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं. पहिल्या बाकावरच्या आमच्या हिशेबी बाईसाहेबांनी लगेच पुढचा भागाकार करून दाखवला: वर्षाच्या कर्जापैकी जवळजवळ ८१ टक्के इतकी रक्कम जुन्या कर्जाच्या व्याजाची! महसुलाच्या दर शंभर रुपयांतले सदतीस व्याजाला! "आमच्या घरी असं असतं तर आजोबांनी कारखान्याला कुलूप लावलं असतं," असं ती म्हणाली. त्यावर वर्गात बराच वेळ वाद झाला. सरकारला कर बसवता येतो, त्याला निवृत्तीचं वय नसतं आणि देशाचं उत्पन्न वाढत राहिलं तर जुनं कर्ज त्या मानाने हलकं होत जातं, म्हणून कारखान्याची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये असं माझं मत. ते तिला पटलं नाही.

देशाचं उत्पन्न म्हटलं म्हणून टक्केवारी. १५.६९ लाख कोटी मोठे की लहान हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून तुटी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या टक्क्यांत सांगतात. त्या अर्थसंकल्पात जीडीपी सुमारे ३५७ लाख कोटी धरला होता. भागाकार केला की राजकोषीय तूट ४.४ टक्के, महसुली १.५ आणि प्राथमिक ०.८ येते. टीव्हीवर ऐकू येणारे आकडे हेच. यात एक मेख आहे. भाजक हाही अंदाजच असतो. जीडीपी अपेक्षेइतका वाढला नाही तर सरकारने एक रुपया जास्त खर्च न करताही टक्का चढतो.

प्राथमिक तूट नेहमी अधिकच असते असं मात्र नाही. २००७-०८ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट सुमारे १.२७ लाख कोटी होती आणि व्याज सुमारे १.७१ लाख कोटी. वजाबाकी केली की उणे ०.४४ लाख कोटी. उणे चिन्ह आलं की मुलं घाबरून आकडे उलटे करून वजाबाकी करतात. तसं करू नका. उणे तूट म्हणजे प्राथमिक आधिक्य: त्या वर्षीचा व्याजाखेरीजचा सगळा खर्च जमेत बसून ४४ हजार कोटी उरले आणि ते व्याजाला लागले. कर्ज फक्त उरलेल्या व्याजासाठी काढावं लागलं.

आता तूट कमी दिसते पण दुखणं तसंच राहतं, ते कसं ते बघू. आपल्या काल्पनिक सरकारने निर्गुंतवणूक १२० वरून ४२० केली, बाकी काही बदललं नाही. राजकोषीय तूट १,८०० ऐवजी १,५००. प्राथमिक ७०० ऐवजी ४००. मथळा छापता येईल इतकी घट. महसुली तूट मात्र ९०० च राहते, कारण शेअर विकून आलेला पैसा महसुली जमेत येतच नाही. कारखान्यात आणखी माग भंगारात काढले तर बँकेचं कर्ज त्या वर्षी कमी लागेल, पण टॉवेल विकून मजुरी भागत नाही ही गोष्ट तशीच राहील, आणि पुढच्या वर्षी विकायला मागही कमी असतील. म्हणून तिन्ही तुटी एकत्र वाचायच्या.

उलट दिशेनेही एक अन्याय होतो. केंद्र राज्यांना रस्ते, घरं बांधायला अनुदान देतं. बांधलेलं केंद्राच्या मालकीचं नसतं, म्हणून केंद्राच्या वहीत तो महसुली खर्चच. पैसा विटा-सिमेंटमध्ये गेला तरी महसुली तूट वाढलेली दिसते. यावर उपाय म्हणून २०११-१२ च्या अर्थसंकल्पापासून "प्रभावी महसुली तूट" दाखवतात, ज्यात अशी अनुदानं वगळतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ही अनुदानं ४.२७ लाख कोटींची होती. महसुली तुटीच्या ५.२४ मधून ती वजा केली की प्रभावी महसुली तूट उरते फक्त ०.९७. बारावीला हे विचारत नाहीत.

आता ते उलटं गणित. प्राथमिक तूट २५०, व्याज ४५०, भांडवली खर्च ४९०, कर्जवसुली ३०, निर्गुंतवणूक ४०. महसुली तूट किती? महसुली जमा नाही, महसुली खर्च नाही, म्हणून मुलं "माहिती अपुरी" लिहून पुढे जातात. पण शेवटाकडून मागे चालत गेलं की रस्ता सापडतो. प्राथमिक तुटीत व्याज परत घातलं की राजकोषीय तूट: २५० + ४५० = ७००. ही ७०० म्हणजे महसुली तूट अधिक ४९० वजा ७०. तर महसुली तूट ७०० − ४९० + ७० = २८०. शेवटचे ७० मिळवायचे की वजा करायचे इथे घसरायला होतं. तेव्हा असं म्हणून बघा: भांडवली खर्चातले ७० वसुली-निर्गुंतवणुकीने भागले, त्याला कर्ज लागलं फक्त ४२०. मग ७०० तले उरलेले २८० महसुली बाजूलाच गेले असणार.

त्या आठवड्याच्या शेवटी मुलीचे बाबा तिला न्यायला आले होते. फळ्यावर त्यांच्याच कारखान्याचे आकडे तसेच होते. ते थोडा वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सर, साडेसात लाख बरोबर आहे. पण सूतवाल्याची तीन महिन्यांची उधारी यात कुठंय? ती तर द्यायचीच आहे."

ती त्या पानावर नव्हती. कारण पान रोखीचं होतं: आला तो पैसा, गेला तो पैसा. सूत आलं, विणलं, विकलंही, पण पैसे गेले नाहीत म्हणून खर्चात धरलं नाही. सरकारचा हिशेबही रोखीवरच चालतो. ठेकेदाराचं बिल मार्चऐवजी एप्रिलमध्ये दिलं तर या वर्षीची तूट तेवढी कमी दिसते. केंद्रात हे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. अन्न अनुदानाचे पैसे अन्न महामंडळाला पूर्ण न देता महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावायचे. धान्य वाटलं जायचं, कर्ज महामंडळाच्या नावावर चढायचं आणि राजकोषीय तुटीत ते दिसायचं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात ही थकबाकी वहीवर घेतली गेली. २०२०-२१ साठी अन्न अनुदान आधी सुमारे १.१६ लाख कोटी धरलं होतं, ते सुधारित अंदाजात सुमारे ४.२३ लाख कोटी झालं. त्यात कोविडकाळातलं मोफत धान्य होतं, आणि महामंडळाची ही जुनी उधारीसुद्धा.

मी खडू उचलला आणि साडेसात लाखांच्या खाली सूतवाल्याची रक्कम लिहायला जागा सोडली. "किती लिहू?" विचारलं. बाबांनी मुलीकडे बघितलं, मग म्हणाले, "राहू द्या सर. ते फळ्यावर नको."